रुग्ण नाकारतो

मला राग पटकन येतो आणि जाता जात नाही. वॉर्डातल्या मावशी माझं तोंड बघूनच चहा आणायचा की नाही ते ठरवतात. पण त्या एप्रिलमधला राग वेगळा होता. त्यातला निम्मा माझ्यावरच होता, आणि तो निम्मा अजून गेलेला नाही.

बारामतीतल्या एका रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात मी समाजसेविका आहे. डॉक्टर औषधं लिहितात, माझं काम विचारायचं. काय होतंय, कधीपासून होतंय, आधी काय झालं आणि मग काय झालं. पंधरा वर्षं हेच करते आहे, म्हणजे मला हे यायला हवं होतं.

एप्रिलच्या मध्यावर शेळगावचे एक शेतकरी मुलाला घेऊन आले. मुलगा सत्तावीस वर्षांचा, गावच्या दूध संकलन केंद्रावर फॅट तपासणारा. जानेवारीत आमच्याकडे दहा दिवस भरती होता, तेव्हापासून मी दोघांनाही ओळखत होते. वडिलांना सगळा वॉर्ड आबा म्हणायचा. मुलगा आता निम्मा झाला होता. डोक्याचे केस काढलेले, कपाळावर रुमाल घट्ट बांधलेला. रुमाल कशाला, विचारलं तर म्हणाला, "मशीन हितनं वाचतंय." फॅटचं मशीन. ते त्याच्या डोक्यातलं वाचतं आणि गावाला सांगतं, असं तो जानेवारीतही म्हणत होता. तेच वाक्य, तेच मशीन.

आबा म्हणाले, "मॅडम, अडीच महिनं केंद्रात ठेवला. नशा निघाली म्हणत्यात, पण ह्ये काय गेलं न्हाय. आजून तीन महिनं ठिवू का?"

केंद्र म्हणजे व्यसनमुक्ती केंद्र. जानेवारीत आमच्याकडून घरी सोडलं आणि आबांनी त्याला थेट तिथं नेऊन घातलं. तिथं आमच्या गोळ्या पहिल्याच आठवड्यात बंद झाल्या, कारण त्यांच्या लेखी गोळी हीसुद्धा नशाच. दार बंद, फोन बंद, तंबाखूसुद्धा बंद.

मी बोटांवर मोजलं. अडीच महिने गांज्याचा वाससुद्धा नाही, आणि मशीन अजून कपाळातून वाचतंय.

ज्यांना हे माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. गांजा जास्त झाला, किंवा एमडीसारखी उत्तेजक पावडर घेतली, तर माणसाला भास होतात, संशय येतो, आवाज येतात. नशा थांबली की बहुतेकांचं ते काही दिवसांत, फार तर महिन्याभरात ओसरतं. महिना उलटूनही तसंच राहिलं, किंवा नशा सुरू व्हायच्या आधीपासूनच ते होतं, तर आजार मुळातला समजायचा. त्याला गोळ्या लागतात, आणि त्या बराच काळ लागतात. म्हणून तारखा महत्त्वाच्या. काय घेतलं, किती, किती वेळा, पहिल्यांदा कधी, शेवटचं कधी, आणि हे सगळं कोण सांगतंय. एवढं लिहायला एक पान पुरतं.

मी जानेवारीचा केसपेपर काढला. अपघात विभागातल्या डॉक्टरांनी पहिल्या पानावर लिहिलं होतं: "गांजा". बस, एक शब्द. किती नाही, कधीपासून नाही. आमच्या डॉक्टरांनी त्यावरून लिहिलं होतं, नशेमुळे आलेला मनोविकार, निदान तात्पुरतं, चार आठवड्यांनी पुन्हा तपासणी. ती तपासणी झालीच नाही, कारण पेशंट केंद्रात कोंडलेला. लघवीच्या तपासणीसमोर "अहवाल यायचा आहे" असं होतं. अहवाल आला होता. फायलीच्या मागच्या कप्प्यात घडी घालून पडला होता. गांजा नाही, उत्तेजक द्रव्य नाही. कुणी उघडला नव्हता!

एका अहवालानं सगळं ठरत नाही, हे मला कळतं. कधीमधी ओढणाऱ्याच्या लघवीत गांजा थोडेच दिवस सापडतो, आणि सापडला म्हणून वेड त्यानंच आलं असंही नसतं. पण रोज चार-चार चिलमी ओढणाऱ्याच्या लघवीत तो आठवडे न आठवडे राहतो, आणि "रोज, चार-पाच वर्षं झाली" हे आबांनी मला तोंडी सांगितलं होतं. तो अहवाल बघून मी एक प्रश्न तरी विचारायला हवा होता.

मग माझं पान आलं. माझंच वळणदार अक्षर. "गांज्याचे व्यसन. रुग्ण नाकारतो."

मी फाईल टेबलावर आपटली. शेजारच्या सिस्टर दचकल्या. रुग्ण नाकारतो! व्यसनी माणूस नाकारतोच, हे आम्ही इतकं घोकलेलं असतं की नाकारणं हाच पुरावा होतो. मग बिचाऱ्यानं करायचं काय? हो म्हणाला तर व्यसनी, नाही म्हणाला तर पक्का व्यसनी. वडिलांसमोर बसवून विचारलं होतं मी त्याला. एकट्याला विचारलंच नव्हतं. आणि "गांज्याचे व्यसन" हे कुणी सांगितलं, तेही लिहिलं नव्हतं, जणू आकाशवाणी झाली होती. दहा दिवसांत गोळ्यांनी त्याला थोडा आराम पडला, तर आम्ही सगळे माना डोलवत म्हणालो, बघा, गांजा उतरला.

आमच्या डॉक्टरांना फाईल दाखवली. ते म्हणाले, "परत पहिल्यापासून करा." गोळ्या मात्र त्यांनी त्याच दिवशी सुरू केल्या, निदानासाठी थांबले नाहीत. डोक्याला मार, ताप, फिट, थायरॉइड, तेही सगळं पुन्हा तपासायला सांगितलं. त्यात काही निघालं नाही.

मी मोठा कागद घेतला आणि आडवी रेघ मारली. गावाकडं तारीख कुणी सांगत नाही, सण सांगतात, म्हणून रेघेवर सण लिहिले. बेंदूर, गणपती, दिवाळी, कारखान्याचं धुराडं पेटलं तो दिवस, संक्रांत. आधी त्याला एकट्याला विचारलं. गांजा, भांग, दारू, एमडी, खोकल्याचं औषध, झोपेच्या गोळ्या, एकेक करून. तो म्हणाला, "कॉलेजात असताना एकदा शिवरात्रीला भांग प्यालो व्हतो. उलटी झाली. परत न्हाय." सहा वर्षं झाली त्याला. मी तेही रेघेच्या डाव्या टोकाला लिहिलं. मग विचारलं, तुझ्या दूध केंद्रावर फोन करू का? तो म्हणाला, "करा. पण मशीनजवळ बोलू नका म्हणावं."

दूध केंद्राचे सचिव भले माणूस. त्यांना आजाराचं काही सांगितलं नाही, फक्त विचारलं. म्हणाले, "बेंदरानंतर त्यो मशीनवर पोतं टाकाय लागला, मॅडम. आमाला वाटलं धूळ बसती म्हणून. गणपतीत आरतीला आला न्हाय. दिवाळीपासनं कुणाच्या हातचा चा घेत न्हवता. गांजा? छ्या! त्यो सुपारी खात न्हाय."

बेंदूर आषाढातला, म्हणजे जानेवारीआधी सहा महिने. रेघ भरत गेली, आणि गांज्याची जागा रिकामीच राहिली.

आबांना विचारलं, तर ते म्हणाले चिलीम. त्याच्या आईंना विचारलं, तर त्या म्हणाल्या बिडीतनं. कुठून आणायचा? दोघंही खाली बघू लागले. माझा आवाज चढायला लागला होता, तेवढ्यात अंथुर्ण्याच्या सासरहून त्याची धाकटी बहीण आली. हातातला हिरवा चुडा अजून नवा होता. मार्चमध्येच तिचं लग्न झालं होतं.

मी तिला रेघ दाखवली. तिनं एकदा बघितलं आणि वडिलांकडं वळली. "आबा, दादानं गांजा कवा वढला?"

मग ती माझ्याकडं वळली.

"माझ्या लग्नात नवऱ्याचा कान कुणी पिळला, मॅडम, इचारा ह्यांना. चुलत भावानं. माझा सख्खा भाऊ कुठंय, तर म्हणं नशेत हाय, कोंडलाय. मी सासरी मान खाली घालून फिरतीय."

तेव्हा आबा बोलले. "तुझी सोयरीक ठरल्याली. यसनी म्हणलं तर लोक म्हणत्यात, सुटंल. याड म्हणलं असतं तर तुला कुणी केली असती का? समद्या घराण्याला लागतं त्ये."

मी ओरडले. ओरडायला नको होतं, पण ओरडले. "आबा, त्या एका शब्दानं तुमच्या लेकाच्या गोळ्या गेल्या! अडीच महिने तो त्या मशीनबरोबर एकटा होता!" आबांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. मला त्यांची कीव आली आणि त्या किवेचाही राग आला. हा माणूस खोटं बोलला हे खरं, पण आम्ही चार शिकलेली माणसं त्याचं खोटं एकमेकांच्या पानावरून उतरवत गेलो होतो. त्यांनी मुलीसाठी तरी केलं. आम्ही कशासाठी केलं? तर घाईसाठी.

आबा म्हणाले, "आता लिवलंय त्ये ऱ्हाऊ द्या. न्हायतर पानच फाडा. पोरीच्या सासरी कळाय नगं."

पान फाडायला माझाही हात शिवशिवत होता, खोटं कशाला बोलू. माझं ते वळणदार अक्षर मलाच बघवत नव्हतं. पण केसपेपरचं पान फाडत नाहीत. मी त्यांना सांगितलं की हा कागद त्यांच्या मुलाचा आहे, व्याह्यांना काय, सरपंचालाही आम्ही दाखवणार नाही. मग जुन्या ओळीवर एकच रेघ मारली, खालचं वाचता येईल अशी, आणि पुढं तारीख घालून नवीन नोंद लिहिली. व्यसनाची माहिती वडिलांची, त्यांनी आज मागे घेतली. रुग्ण, बहीण, सहकारी यांच्या सांगण्यात मेळ. सहा वर्षांपूर्वी एकदा भांग. लक्षणं बेंदरापासून, नशेशिवाय नऊ महिने. खाली सही केली. त्याखाली डॉक्टरांनी निदान बदललं, स्किझोफ्रेनिया, आणि औषध चालू ठेवायचं असं ठळक लिहिलं. त्या व्यसनमुक्ती केंद्रात तो परत गेला नाही.

जूनमध्ये तो तपासणीला आला तेव्हा रुमाल नव्हता. मशीन आता वाचत नाही का, विचारलं, तर म्हणाला, "वाचतंय कवा कवा, पण मी लक्ष देत न्हाय." मग त्यानं स्वतःचा कागद बघायला मागितला. मी दिला. तो सावकाश वाचत गेला आणि माझ्या खोडलेल्या ओळीवर थांबला.

"मॅडम, त्या दिवशी मी तुमाला मशीनचं सांगितलं, त्ये लिवलंसा. आवाजाचं सांगितलं, त्ये बी लिवलंसा. गांजा घेत न्हाय, ह्ये एकच खरं सांगितलं व्हतं."

त्यानं कागद नीट घडी करून परत दिला. त्याच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.