सतरा शुभेच्छा आणि एक काज

माझ्या ताईच्या मधल्या मुलीला घरात सगळे भोंगा म्हणतात. एकतीस वर्षं तिने बस स्थानकावर घोषणा केल्या. कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागली, कुठली रद्द झाली, कुणाचं पोर हरवलं आणि चौकशीच्या खिडकीपाशी रडत उभं आहे, हे सगळं एकाच सुरात. गाडी रद्द झाल्याचं सांगताना आवाजात दुःख आणायचं नाही आणि वेळेवर आल्याचं सांगताना आनंद आणायचा नाही, हा तिथला नियम. तो तिच्या अंगात इतका मुरला की घरातही ती तशीच बोलते. लग्न केलं नाही. का केलं नाही ते तिने सांगितलं नाही आणि विचारायचं कुणाला सुचलं नाही. भोंग्याला कोण काय विचारतं.

निवृत्त झाली त्याच वर्षी ताईचं खुब्याचं हाड मोडलं. तेव्हापासून दोघी एका घरात. ताई पलंगावर, ही पलंगाभोवती. ताईला आता दिसतं ते धुक्यातून. पण कान शाबूत आहेत, आणि डोकं तर माझ्यापेक्षा शाबूत आहे.

यंदा ताईला पंच्याऐंशी पूर्ण होणार होती. तिची एक खोड आहे, वाढदिवसाला सकाळपासून घराचं दार उघडं ठेवायचं. येणाऱ्याला घंटा वाजवावी लागू नये म्हणून. गेली दोन वर्षं त्या दारातून मी आणि वारा, दोघंच आलो. भोंगा या वर्षी हट्टाला पेटली की सगळ्यांना बोलवायचंच. फोन केले. थोरल्याची बैठक होती, धाकटीचे गुडघे होते, नातवंडांना सुट्टी नव्हती. शेवटी थोरल्याच्या बायकोनेच तोडगा काढला. "आम्ही सगळे निरोप पाठवतो, तुम्ही त्याचा एक छानसा व्हिडिओ करा ना. तुमचा आवाज आहेच."

"आवाज आहे, माणसं नाहीत," मी म्हणाले.

"मावशी, तू गप्प बस," भोंगा म्हणाली. "सगळे आल्यासारखं वाटलं पाहिजे तिला. एवढं जमलं तरी पुष्कळ."

एवढंच तिला हवं होतं. मीही कामाला बसले. मी कॉलेजात ग्रंथपाल होते. विस्कळीत कागद पाहिले की माझे हात शिवशिवतात.

दहा दिवसांत सतरा निरोप आले. सहा आवाजातले, नऊ टाईप केलेले, आणि दोन गुलाबाची चित्रं, ज्यांवर कुणीतरी कधीतरी कुणासाठी तरी छापलेली शुभेच्छा होती. भोंग्याने आवाजातले निरोप ऐकून शब्दन्‌शब्द वहीत उतरवले. मग सगळे कागद जेवणाच्या टेबलावर पसरले. एकूण दोन हजारांवर शब्द भरले. त्यात 'खूप खूप' एकतीस वेळा. दोन नातवंडांचे निरोप अक्षरशः एकच होते, "आमच्या कुटुंबाचा आधारवड" वगैरे. फोनला सांगितलं आणि फोनने लिहून दिलं. त्यातल्या एकाने तर वरची ओळही पुसली नव्हती: 'प्रिय, येथे आजीचे नाव लिहा'.

"आधारवडाचं नाव आठवत नसेल," मी म्हणाले. भोंगा हसली नाही. तिने ती ओळ खोडली आणि तो कागद त्याच्या जुळ्या भावाखाली सरकवला.

मला वाटलं होतं, एकापाठोपाठ एक वाचायचं, झालं. तिने मला वेड्यात काढलं. सतरा माणसं सतरा वेळा 'वाढदिवसाच्या शुभेच्छा' म्हणाली की ऐकणाऱ्याचे कान मिटतात, हे तिला एकतीस वर्षांच्या अनुभवाने ठाऊक. आधी तिने सगळ्यांतल्या शुभेच्छा कापल्या, त्या शेवटी एकदाच सगळ्यांच्या वतीने येणार. मग प्रत्येकाच्या निरोपात दुसऱ्या कुणाला म्हणता आलं नसतं असं एक वाक्य शोधून त्याखाली रेघ मारली. ज्यात ते सापडलं नाही त्याला फोन करून विचारलं, "शुभेच्छा नको, एक प्रसंग सांग. जागा सांग, काय घातलं होतं ते सांग." मग चिठ्ठ्या माणसांप्रमाणे न लावता ताईच्या वयाप्रमाणे, आजपासून मागे जात लावल्या: आता, नातवंडं, मुलं, दुकानातली नोकरी, तरुणपण. पानावर दोन रकाने, डावीकडे कुठला फोटो, उजवीकडे काय ऐकू येणार. एरवी मिनिटाला सव्वाशे शब्द वाचायचे, पण म्हाताऱ्या कानासाठी नव्वद. पाच मिनिटं म्हणजे साडेचारशे शब्द, एकही जास्त नाही. सून-जावई 'तुम्ही' म्हणणार आणि नातवंडं 'तू', ते तसंच ठेवायचं, फक्त आधी कोण बोलतंय ते सांगायचं. प्रत्येकाला निदान एक ओळ, नाहीतर रुसवे.

'आता'च्या भागात ठेवायला एकही चिठ्ठी नव्हती.

ते प्रथम माझ्या लक्षात आलं, कारण मी क्रियापदं बघत होते. 'तू गोष्टी सांगायचीस.' 'तुम्ही आम्हाला सांभाळून घ्यायचात.' 'आजी फार प्रेमळ होती.' सतरा निरोप, सगळे भूतकाळी.

"हे वाढदिवसाचं नाही," मी म्हणाले, "हे तेराव्या दिवसाचं आहे."

"मग वर्तमानकाळ करू."

"कर. 'तू गोष्टी सांगतेस.' कुणाला सांगते? पंख्याला?"

ती बराच वेळ पेन्सिल चावत बसली. मग तिला वाट सापडली. घडलेलं घडून गेलं, पण आठवण तर आजची असते. 'तू गोष्टी सांगायचीस' याच्या जागी 'तुझी ती विहिरीतल्या कासवाची गोष्ट मला अजून आठवते.' खोटं नाही आणि तेराव्याचंही नाही. मात्र कासव तिने घातलं होतं. नातीने नुसतं 'गोष्टी' लिहिलं होतं. तिने बदललेली प्रत्येक ओळ ज्याची त्याला पाठवून विचारलं, असं म्हणू का, जमलं तर स्वतः बोलून पाठव. थोरला आणि त्याची मुलगी, दोघांनीच बोलून पाठवलं. बाकीच्यांनी अंगठा पाठवला आणि लिहिलं, तुझ्याच आवाजात वाच.

आता माझी चूक सांगते.

सतरापैकी सात निरोपांत एकच आठवण होती: 'तू शिवलेले कपडे.' थोरल्याच्या निरोपात तर पहिलंच वाक्य, "आई, तू शिवलेला शर्ट घालून मी मुलाखतीला गेलो." ताईने जन्मात शर्ट शिवला नाही. ती शिंप्याच्या दुकानात बावीस वर्षं काज-बटण करायची. कापड चिरायचं, त्या चिरेच्या कडेने दाट टाके घालायचे, गुंडी बसवायची. शिवणारा मशीनवर बसायचा, ही खाली पाटावर. तिच्या डाव्या हाताच्या बोटावर दोऱ्याने पडलेली खाच अजून आहे.

"सात जणांना एकच चूक कशी लागली?" मी म्हणाले.

"राहू दे ना," भोंगा म्हणाली. "सगळे तसंच समजतात."

"चूक आहे ती. त्या बाईने बावीस वर्षं काजं केली, तिला शिंपीण काय करतेस? तिच्याच व्हिडिओत तिचंच काम चुकीचं?"

एरवी ती ऐकत नाही. त्या दिवशी ऐकलं. 'शिवलेला शर्ट' खोडून लिहिलं, 'आई, त्या शर्टाचं काज तू केलं होतंस. कॉलर विरली, काज उसवलं नाही.' सुरेख ओळ होती. मी स्वतःवरही खूष झाले. थोरल्याने बिनतक्रार ती वाचून पाठवली, गाडीत बसल्या बसल्या, मागे इंजिनाचा आवाज.

वाढदिवसाला दार सकाळीच उघडलं गेलं. मी आले. वारा आला. अकरा वाजता भोंग्याने ताईला उशांना टेकवून बसवलं आणि टीव्हीवर व्हिडिओ लावला.

भोंग्याचा आवाज सुरू झाला. एकतीस वर्षांत पहिल्यांदा त्या आवाजात थोडा ओलावा होता. कासव आलं. ताईच्या ओठांचा कोपरा हलला. नात बोलली. भोंगा माझ्याकडे न बघता माझा हात दाबत होती. मग थोरला बोलला: शर्ट, कॉलर, काज.

"थांबव," ताई म्हणाली.

भोंग्याने थांबवलं. पडद्यावर थोरल्याचा मुलाखतीच्या वेळचा फोटो तसाच राहिला.

"हे तू लिहिलंस."

"आई, त्याचाच आवाज आहे."

"आवाज त्याचा. काज तुझं." ताई मुळीच रागावली नव्हती, ते जास्त वाईट. "त्याला लाज वाटायची. आई पाटावर बसून गुंड्या लावते हे मित्रांना कसं सांगायचं. म्हणून आई कपडे शिवते म्हणायचा. बायकोलाही तेच सांगितलं, पोरांनाही. मी कधी खोडलं नाही. तो काज म्हणणार नाही."

सात जणांना एकच चूक कशी लागली, ते मला तेव्हा कळलं. साठी उलटलेला मुलगा ती ओळ गाडीत वाचून मोकळा झाला, कारण काय वाचतोय इकडे त्याचं लक्षच नव्हतं.

"आणि ते कासव," ताई म्हणाली. "ते मी फक्त तुला सांगायचे. गोवर आला होता तेव्हा."

भोंग्याने रिमोट खाली ठेवला.

"बाकीचंही तुझंच असेल."

"त्यांचंच होतं, आई. मी फक्त नीट लावलं."

"हो. म्हणजे आलं कुणीच नाही." ताईने मान उशीवर टेकली. "आता दार लाव. गार वारा येतोय."

भोंगा उठली आणि तिने दार लावलं. कडी घातल्याचा आवाज आला. व्हिडिओ तीन मिनिटं दहा सेकंदांवर थांबला होता. राहिलेली पावणेदोन मिनिटं, ज्यात सगळ्यांच्या शुभेच्छा एकदम होत्या, कुणी ऐकली नाहीत. मी तो 'शिवलेला शर्ट' तसाच राहू दिला असता तर ताई शिंपीण म्हणून का होईना, पाच मिनिटं माणसांत बसली असती. अचूकपणाचा मला आयुष्यभर अभिमान होता. त्याचा असा उपयोग झाला.

दुपारी भोंग्याने व्हिडिओ सगळ्यांना पाठवला. ताबडतोब अंगठे आले, हृदयं आली. थोरल्याने लिहिलं, 'फारच छान झालाय. आई रडली का?'

"लिही, नाही रडली," मी म्हणाले. "काय म्हणाली ते लिही."

तिने फोन हातात धरला. ताई भिंतीकडे तोंड करून पडली होती, झोपलेली नव्हती. भोंग्याने थोड्या वेळाने एक अंगठा पाठवला, फोन पालथा ठेवला, आणि टेबलावरच्या सतरा चिठ्ठ्या गोळा करायला लागली. पाठकोऱ्या होत्या. सामानाच्या यादीला चालतील म्हणाली, त्याच तिच्या स्थानकावरच्या आवाजात.