गफ्फारभाई आभार मानायला गेले

गफ्फारभाईच्या हातात लोखंड मेणासारखं वळायचं, पण तोंड मात्र त्यांना स्वतःलाच आवरायचं नाही. उमरखेडला त्यांचा लोहारकीचा भाता. वखराच्या अन् डवऱ्याच्या पासा, म्हणजे मातीत चालणारी लोखंडी पाती, ते बनवायचे. माल एक नंबर! पण कापसाचे भाव असे आपटले होते की लोक जुन्याच पासांवर दिवस काढत. हैदराबादहून साळ्यानं निरोप धाडला होता, ‘या इकडं, गेटांचं वेल्डिंग करा.’ अशात यवतमाळच्या घनश्याम सेठनं पेरणीआधी डवऱ्याच्या पासांची मोठी ऑर्डर दिली. सेठचा माल जिल्हाभरच्या दुकानांत जायचा. एवढी ऑर्डर गफ्फारभाईंनी जन्मात पाह्यली नव्हती.

पोळा झाल्यावर ते पेढे घेऊन यवतमाळला निघाले. आभार मानायचे अन् दर महिन्याची ऑर्डर पक्की करायची. पक्की झाली तर भाता चालू, नाही तर कुलूप अन् हैदराबाद. निघताना बायको आरिफानं बजावलं, “आभार माना, कामाचं बोला, अन् मंग चूप राहा.”

“मी काय जास्त बोलतो का?” गफ्फारभाई चिडून म्हणाले, अन् त्यावर एसटी येईस्तोवर बोलत राह्यले.

सेठनं पेढा तोंडात टाकला. “माल खपला बरं का, गफ्फारभाई. एकाची तक्रार नाही.”

झालं! गडी फुलला. “तक्रार कशी येईल, सेठ? तुमचे उपकार हायेत, तुम्ही भरोसा टाकला. पण पास कोणाची हाय? गफ्फारची! बापानं घेतली त नातू चालवते. खुदा की कसम, घासत नाही, वाकत नाही!”

“वा! मंग पुढचं?”

“दर महिन्याले एवढाच माल पाठवतो. तुम्ही फक्त हो म्हणा.”

सेठनं दुसरा पेढा डब्यात परत ठेवला. “गफ्फारभाई, डवरणी कधी असते?”

“आषाढ-श्रावणात, उभ्या पिकातलं तण काढायले.”

“मंग दिवाळीत आलेल्या पासा काय बैलाच्या गळ्यात बांधू? अन् बापाची पास नातू चालवते म्हणता, त मधातल्या पोराले मी काय विकू?”

गफ्फारभाई फसले. सुटकेचा एकच रस्ता होता. ‘सेठ, पास झिजते,’ एवढं म्हणायचं. पण जीभ तिथं वळेल तर शपथ! स्वतःच्या मालाला झिजणारा म्हणायचं? त्यापेक्षा हैदराबाद बरं.

तेवढ्यात रामराव आत आले. दारव्ह्याकडचे शेतकरी, जमीन सारी मुरमाड. त्यांनी पिशवीतून गफ्फारभाईंचीच एक पास काढली अन् काउंटरवर आपटली. तिची धार पार झिजून गेलेली.

“सेठ, पुढच्या हंगामाले दुसरी द्या. ही हंगामभर मस्त चालली, पण आता बोथटली.”

सेठचे डोळे चमकले. गिऱ्हाईक स्वतःहून झिजलेली पास घेऊन आलं होतं. गफ्फारभाईंनी फक्त गप्प राहायचं होतं.

पण त्यांनी पास उचलून उजेडात धरली अन् कडाडले, “काहून दुसरी? पोलाद जिवंत हाय हिचं! गोट्यावर घासून घासून नास केला तुम्ही. फेकता कायले? आणा, मी धार पाजवून देतो. पुन्हा नवी होते!”

“अरे बाप्पा, पाजवून भेटते का?” रामराव खूश झाले. “मंग माह्या घरी अजून चार हायेत. शेजाऱ्याच्याही हायेत. यंदा नवी घ्यायची ऐपत कोणाची हाय?”

गफ्फारभाईंना कळलं, आपण आपल्याच पायावर कुऱ्हाड मारली. नवी विकायला आले अन् जुनीच तगवून दिली! त्यांनी पिशवी उचलली. “येतो, सेठ. मेहरबानी तुमची.”

“बसा!” सेठ ओरडले. “पास विकणारे मले ढीगभर भेटतात. विकलेली पास परत मागून दुरुस्त करणारा पहिलाच पाह्यला. आता मी बोलतो, तुम्ही ऐका. वखराच्या पासा चैत्रात पाठवायच्या, डवऱ्याच्या मृगाआधी. अन् दर महिन्याले माह्या मालाच्या साऱ्या दुकानांतून बोथट पासा गोळा होतील. एसटीच्या पार्सलनं उमरखेडले धाडतो, तुम्ही पाजवून परत धाडा. लोकायले स्वस्तात पडते, त्यायचा पाय दुकानाकडं वळतो, अन् तुमचा भाता बाराही महिने पेटलेला राह्यते. मंजूर?”

गफ्फारभाईंचे डोळे भरून आले. मान जोरजोरात हलली.

बाहेर आल्यावर त्यांनी एसटीडी बूथवरून साळ्याला फोन लावला. “मी नाही येत,” ते म्हणाले. साळा कारण विचारत राह्यला, पण गफ्फारभाईंच्या गळ्यातून पुढं शब्दच फुटेना.