घरी आणि भाकरी

‘परत’ या शब्दाला साजेसं यमक सापडत नव्हतं, आणि सोमवारी खाण पुन्हा सुरू व्हायची होती.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. कन्हानजवळच्या एका कोळसा खाणीच्या शाळेत मी संगीत शिकवत होतो. खाणीचं छत कोसळून तीन कामगार गेले होते. पहिल्या शिफ्टआधी प्रार्थना व्हावी असं मॅनेजरसाहेबांनी ठरवलं आणि ती मी लिहावी असं सांगितलं. शाळेत पाणी भरणाऱ्या रुखमाबाई म्हणाल्या, मी लिहिते. गेलेल्यांत त्यांचा नवरा होता. त्यांनी आयुष्यात कधी गाणं रचलं नव्हतं.

त्यांनी चार ओळी आणल्या. पहिलीचं यमक तिसरीशी, दुसरीचं चौथीशी. ‘परत’शी जुळवायला ‘स्मरत’ घातलं होतं. त्या स्वतः तो शब्द कधी बोलत नसत.

साहेबांची सूचना वेगळीच. “सगळ्या गाण्याला एकच यमक ठेवा. भारदस्त वाटेल.”

मी नको म्हटलं. एकच यमक धरलं की नवखा माणूस शब्द शोधत फिरतो आणि म्हणायचं ते राहून जातं. एकाआड एक यमकही इथे चालणार नव्हतं. एकीनं ओळ म्हणायची, मागून सगळ्यांनी. तिसरी ओळ येईपर्यंत पहिलीचा शेवट कानातून गेलेला असतो. म्हणून लागोपाठच्या दोन ओळींचं एक यमक, पुढच्या जोडीला दुसरं. नुसतं शेवटचं अक्षर जुळून भागत नाही, त्याआधीचा स्वरही जुळावा लागतो, हे समजावलं. दिवा-हवा अर्धवट वाटतं, दिवा-जिवा पक्कं बसतं. त्यांनी लगेच बांधलं:

खाली उतरतो आम्ही, हाती घेऊनिया दिवा
देवा, सांभाळ तू आता सोबतीच्या जिवा-जिवा

‘परत’ मात्र अडलंच. काढून टाकू या, असं मी सुचवलं.

“तो शब्द काढू नका, गुरुजी. त्याच्यासाठीच तर लिहून राहिली मी.”

मग मला सुचलं ते सांगितलं. जो शब्द सोडायचा नाही पण ज्याला साजेसा जोडीदार मिळत नाही, तो ओळीच्या मध्ये ठेवायचा. शेवटाला रोजच्या बोलण्यातला, सहज जुळणारा शब्द.

“शेवटाले ‘घरी’ चालते का?” त्यांनी विचारलं.

चालतं, म्हणालो. पुढचं त्यांनीच केलं.

सोमवारी खाणीच्या तोंडाशी माणसं उभी होती. कोणाच्या हातात कागद नव्हता, बहुतेकांना वाचता येत नव्हतं. पहिली जोडी झाली. मग रुखमाबाई म्हणाल्या:

आत गेले ते परत यावे आपापल्या घरी

सगळ्यांनी ओळ उचलली. पुढची ओळ त्यांनी सुरू केली, “पोराबाळांच्या ताटात पडो गरम...” आणि त्यांचा आवाज बसला. ही ओळ कोणी आधी ऐकली नव्हती. मग मागच्या रांगेतून दोघातिघांनी हळूच म्हटलं, “भाकरी.” नंतर सगळ्यांनी.

माणसं खाली उतरली. संध्याकाळी सगळी वर आली.

पुढे कितीतरी जणांना मी गाणी रचायला शिकवलं. अवघड यमकांची हौस असलेले पुष्कळ भेटले. त्यांना एवढंच सांगत आलो, यमक असं निवडावं की गाणाऱ्याला पुढे म्हणवेनासं झालं तर ऐकणाऱ्याला ओळ पुरी करता यावी.