रुदैनाने बंद केलेली वाट

रुदैना अम्मानच्या जबल हुसैन भागातल्या एका कचेरीत अकरा वर्षं फोन घेत होती. इस्पितळाच्या वेळा ठरवायचं ॲप चालवणारी ती कंपनी. कुणाचं काही अडलं की रुदैनाला फोन. जर्काहून बसने यायचं, मर्यमियाचा सुगंधी पाला घातलेला चहा प्यायचा आणि दिवसभर लोकांची गाऱ्हाणी ऐकायची. मान खाली घालून काम करणारी बाई, पण एका बाबतीत मात्र हट्टी.

पूर्वी तिथल्या मंडळींना ग्राहकाच्या खात्यात कसंही शिरता यायचं. एका भावाने गोड बोलून बहिणीच्या खात्याचा पासवर्ड बदलून घेतला आणि तिची शस्त्रक्रिया रद्द करून टाकली. ती बहीण कचेरीत येऊन रुदैनाच्या टेबलापाशी नुसती उभी राहिली होती. तेव्हापासून रुदैनाने साहेबांच्या मागे भुणभुण लावली. ग्राहकाने स्वतःच्या फोनवर 'परवानगी द्या' दाबलं, तरच वीस मिनिटं त्याचं खातं त्याच्या नजरेने पाहायचं. फक्त पाहायचं. कुणी, कधी, काय पाहिलं याची नोंद ग्राहकालाही दिसली पाहिजे. आणि पासवर्डला किंवा नोंदवलेल्या नंबराला आपला हात लागता कामा नये. साहेब कंटाळून हो म्हणाले. नोंदीतलं ग्राहकाला धीर देणारं वाक्यही तिनेच लिहून दिलं होतं.

गुरुवारी दुपारी दीडला अबू नईमचा फोन आला. बायकोच्या हृदयाच्या शस्त्रक्रियेची तारीख लागली होती आणि दोनच्या आत ॲपवर पक्की करायची होती, नाहीतर ती पुढच्या रुग्णाला जाणार होती.

"बटण दाबलं की पासवर्ड मागतंय, पोरी. हे सगळं माझ्या पोराने, नईमने करून दिलेलं. मी कधी पासवर्ड टाकलाच नाही."

"मग नईमला विचारा ना, काका."

"नईम थंडीत गेला. रस्त्यावर, अपघातात."

रुदैनाने परवानगी मागितली, म्हाताऱ्याने चाचपडत दाबली आणि तिच्या पडद्यावर त्याचा पडदा उघडला. तारीख दिसत होती, उम्म नईमचं, म्हणजे त्याच्या बायकोचं, नाव दिसत होतं, 'पक्कं करा' दिसत होतं. तिच्याकडून मात्र ते बटण मुकं होतं. नवीन पासवर्डचा कोड नईमच्याच नंबरावर जाणार, आणि तो नंबर कधीच बंद पडलेला.

तिने इस्पितळाला फोन लावला. "ॲपवरूनच करा," म्हणून पलीकडून ठेवूनही दिला. शेजारच्या सुफियानला, आपल्या वरिष्ठाला, तिने हाक मारली.

"तुला तरी आतून काही करता येईल?"

"मला कुठून येणार? वाट तूच बुजवलीस ना, बाई! ओळखपत्र मागव. पडताळणीला दोन दिवस. उद्या-परवा सुट्टी, म्हणजे सोमवार."

पावणेदोन झाले होते. "मी आठवून बघतो," म्हातारा म्हणाला. "पोराने माझंच नाव घातलं असेल."

"मला सांगू नका हं, काका. फक्त तिथे लिहा."

"तुझ्यापासून काय लपवायचं? तू तर माझ्या घरात येऊन बसलीयेस!"

इथे ती चुकली. पाच चुका झाल्या की खातं बंद होतं, हे तिला पाठ होतं. पण म्हातारा एकेक आठवण काढून लिहीत होता. आईचं नाव, गावाचं, नईमच्या पहिल्या गाडीचं. त्याला थांबवायला तिचं तोंड उघडेना. चौथ्यानंतर ती ओरडली, "थांबा!" तोवर त्याचं बोट पडलं होतं. त्याचा पडदा मिटला, आणि तिचाही.

"काय झालं गं? दिसतंय ना तुला?"

"नाही, काका. आता मलाही दिसत नाही."

दोन वाजले, तेव्हाही दोघांनी फोन धरूनच ठेवला होता.

सोमवारी पडताळणी झाली, नंबर बदलला, अबू नईमने नवा पासवर्ड केला. पुढची तारीख चार महिन्यांनंतरची होती. डॉक्टरांनी तर दोन महिन्यांच्या पुढे नेऊ नका म्हणून बजावलं होतं. रुदैनाने सगळ्या इस्पितळांना फोन केले, हातापाया पडली. कुणी दाद दिली नाही. आपल्याच हातांनी आपण एका बाईला मरणाच्या दारात ढकललं, असं तिला वाटत राहिलं. टेबलापाशी उभ्या राहिलेल्या त्या बहिणीचा चेहरा आठवला की मात्र नियम चुकीचा होता, असंही म्हणता येईना.

त्याच संध्याकाळी म्हाताऱ्याचा पुन्हा फोन आला. आवाजात राग नव्हता, आणि तेच तिला सोसवेना.

"पोरी, आत शिरल्यावर पहिल्यांदा हेच आलंय. मला चष्म्यानेही नीट दिसत नाही. बरोबर वाचतोय का, सांग." तो एकेक शब्द जुळवत वाचू लागला. "रुदैना यांनी... तुमचं खातं... अठरा मिनिटं पाहिलं. निश्चिंत राहा. त्यांनी काहीही... बदललेलं नाही."

"बरोबर वाचलंत, काका," रुदैना म्हणाली.