चादर धरलेली बोटं

भोरला माझा लहानसा फोटो स्टुडिओ होता तेव्हाची, म्हणजे पासष्ट-सहासष्टची गोष्ट. कामात मी नाकावर माशी बसू देत नसे. गिऱ्हाइकांपेक्षा माझाच ताठा जास्त.

कापूरहोळच्या एका लोहारानं कडबा कापायचं हातयंत्र बनवलं होतं. पुण्याचा व्यापारी ते आपल्या कॅटलॉगात घेणार होता, पण फोटो कोऱ्या पांढऱ्या पानावर हवा, मागचं काही दिसता कामा नये, अशी त्याची अट. मी कॅमेरा घेऊन गेलो. यंत्रामागं लोहार आणि त्याची बायको पांढरी चादर ताणून उभे राहिले. बाईला कॅमेऱ्याचं भारी कुतूहल. ती सारखी चादरीवरून डोकावायची.

“वहिनी, तोंड मागं घ्या. तुमचा फोटो नाही काढायचा,” मी खेकसलो.

ती हसली आणि खाली वाकली. मी बटण दाबलं.

चादरीला चुण्या होत्या, वरून छप्पर डोकावत होतं. म्हणून निगेटिव्ह उजेडाच्या काचेवर ठेवून, चकचकीत बाजूनं यंत्राच्या कडेकडेनं बारीक कुंचल्यानं दाट लाल रंग भरला. त्यातून उजेड जात नाही, त्यामुळे कागदावर तेवढा भाग कोरा उमटतो. चाकाच्या आऱ्यांमधल्या फटी भरता भरता डोळ्यांना पाणी आलं. चादर गेली, दोघांचे हात गेले. यंत्र पांढऱ्या पानावर एकटं उभं राहिलं. मी स्वतःवरच खूश झालो, फोटो देताना लोहाराला रंगाची करामतही ऐकवली.

वर्षाच्या आत लोहार स्टुडिओत आला. बायको तापानं गेली होती.

“तिचा एकबी फोटू न्हाई. त्या दिशी ती हुती की तितं. तुमी रंग लावलाय, त्यो निघंल का?”

रंग पाण्याचा होता. ओल्या कापसानं पुसला तसा निघाला. लोहार खांद्याशी वाकून बघत होता. आधी छप्पर आलं, मग चादर, मग चादरीच्या काठावर तिची चार बोटं. त्यांच्यावर नुसतं छप्पर होतं.

“तोंड कुठं हाय?”

तोंड मागं घ्यायला मीच सांगितलं होतं. त्याला तसं सांगितलं. त्यानं मला बोल लावला असता तर बरं झालं असतं.

काचेवरच्या बोटांकडं बघत तो म्हणाला, “मग यंत्र काढा. बोटं ऱ्हाऊ द्या. माझी बी ऱ्हाऊ द्या, येकटीची नगं.”

पुन्हा कुंचला घेतला. या वेळी रंग यंत्रावर, चादरीवर, छपरावर चढवला. एवढं जपून मी कधी काम केलं नव्हतं.

दोन दिवसांनी त्याच्या हातात फोटो दिला. कोऱ्या कागदावर डावीकडं त्याची बोटं, उजवीकडं तिची. तो खिडकीशी जाऊन बघत राहिला.

“मधी लई जागा सुटली,” तो म्हणाला.