मिस्त्रींनी नाकारलेलं भाषण

मिस्त्रींना सगळे मागे साडेआठ म्हणत. समोरही म्हणत, पण जरा अंतर राखून. बावीस वर्षांपूर्वी एका लिफ्टच्या दोरांनी डाव्या हाताची करंगळी पूर्ण आणि शेजारचं बोट अर्धं नेलं, तेव्हापासूनचा हा हिशोब. एकतीस वर्षं लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या या माणसाला उंचीची भीती नाही की अंधाऱ्या शाफ्टची नाही, भीती फक्त माइकची, असं बायको सगळ्यांना सांगे. ते खरं नव्हतं. पण सोयीचं होतं, म्हणून मिस्त्रींनी ते कधी खोडून काढलं नाही.

दहा दिवसांपूर्वी तंत्रशाळेच्या मॅडमचा फोन आला होता. लिफ्टचं काम शिकणारी चोवीस मुलंमुली यंदा बाहेर पडणार, त्यांच्या समारंभात काकांनी वीस मिनिटं बोलावं. "दोन दिवसांत कळवतो," मिस्त्री म्हणाले आणि कळवलं नाही. रोज सकाळी ठरवायचे आणि रोज संध्याकाळी विषय टाळायचे. गप्प बसलं की लोक विसरतात, असा त्यांचा भाबडा समज. मॅडमनी गप्प बसण्याचा अर्थ होकार असा घेतला, त्यात त्यांची काय चूक?

आज दुपारी मोबाइलवर निमंत्रणपत्रिकेचा नमुना आला. मिस्त्रींचं नाव ठळक अक्षरांत आणि खाली विषय: 'अपघातातून घडलेला सुरक्षिततेचा आदर्श'. सोबत दोन ओळी होत्या. काका, उद्या दुपारी छपाईला देतेय. नाव बरोबर आहे ना?

आदर्श या शब्दावर मिस्त्री अडले. त्यांनी मोबाइल उपडा ठेवला आणि पाना घेऊन जेवणाच्या टेबलाच्या खुर्च्या आवळायला बसले. चारही खुर्च्या झाल्या. मग दाराच्या बिजागऱ्या. मग पुन्हा पहिली खुर्ची.

"त्या खुर्चीनं तुमचं काय घोडं मारलंय?" बायकोनं विचारलं.

"हलतेय जरा."

"खुर्ची नाही हलत, तुम्ही हलताय. नाही जमत तर नाही म्हणून सांगा की."

सांगणं सोपं असतं तर दहा दिवस कशाला गेले असते? मिस्त्रींनी वही काढली. पहिल्या मजकुरात त्यांनी स्वतःला आजारी पाडलं. बायकोनं वाचलं आणि वही परत सरकवली. "मग त्या दिवशी पांघरूण घेऊन पडा. मॅडम भेटायला आल्या की कण्हा. मी काही खोटं बोलणार नाही."

दुसऱ्यात पुढच्या वर्षी नक्की येतो असं लिहिलं. तिसरा दोन पानांचा झाला. त्यात मी अडाणी, मी लहान माणूस, माझी काय लायकी, आणि सात वेळा क्षमस्व.

तेवढ्यात मुलगी कामावरून आली. ती एका वाचनालयात कार्यक्रम ठरवते. वक्त्यांचे नकार पचवणं हे तिचं रोजचंच. तिनं तिन्ही मजकूर उभ्या उभ्या वाचले.

"बाबा, पुढच्या वर्षी म्हणालात तर त्या पुढच्या वर्षीची तारीखच मागतील. आणि या दोन पानांत नकार आहे कुठे? मला शोधावा लागला."

"मग काय लिहू?"

"नाही हे पहिल्याच वाक्यात. उशीर केलात त्याची एकदा माफी, सातदा नाही. कारण सांगायचं नसेल तर नका सांगू, पण खोटं देऊ नका. आणि काही द्यायचं असेल तर दिवस, वेळ, ठिकाण ठरवून द्या. 'काही लागलं तर सांगा' असं म्हणणारे माझ्याकडे महिन्याला दहा येतात. त्यांना फोन करायची माझी हिंमत होत नाही."

कारण काय, हे तिनं विचारलं नाही. त्याचा मिस्त्रींना इतका आधार वाटला की हातातला पाना खाली ठेवला गेला. मग त्यांनी तीन फोन केले. बायको दाराआडून ऐकत होती. माइकला घाबरणारा माणूस फोनवर चांगलाच ठाम बोलत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी शाळा उघडताच मिस्त्री मॅडमच्या खोलीत हजर. उशीर आपण केला, तेव्हा तोंड दाखवून सांगावं एवढं त्यांना कळत होतं. खुर्चीत बसण्याआधीच बोलले.

"मॅडम, मी भाषण करणार नाही. तुम्हाला दहा दिवस लटकवत ठेवलं, ते चुकलं माझं."

मॅडमचा चेहरा पडला. "काका, विश्वस्तांना सांगून बसलेय मी. दहा मिनिटं? पाच? मुलांना नुसता हात दाखवलात तरी..."

"तेच नको आहे." मिस्त्रींचा आवाज चढला, मग त्यांनी तो उतरवला. "कारण माझं मला ठाऊक आहे. तुमचा किंवा शाळेचा काही दोष नाही. समारंभाला लिफ्ट तपासणीच्या निवृत्त अधिकारी बाई यायला तयार आहेत, त्यांना काल विचारलंय. बोलतातही छान. हा त्यांचा नंबर. आणि माझ्याकडून चार शनिवार घ्या. सकाळी नऊ ते बारा, सहा-सहा जणांची तुकडी. बाजारामागच्या इमारतीत, गच्चीवरच्या लिफ्टच्या मशीनरूममध्ये शिकवतो. इमारतीच्या मालकांची आणि माझ्या साहेबांची परवानगी घेतलीय."

मॅडमनी पत्रिकेचा नमुना पुढे ओढला. त्यांनी पेन उचललं आणि मिस्त्रींच्या नावावर सरळ रेघ मारली.

"राग आलाय मला, काका. खोटं कशाला बोलू? पण फळ्यावर जे होत नाही ते तुम्ही देताय." त्यांनी वही ओढली. "येत्या शनिवारपासून?"

पहिल्या शनिवारी सहा जण आपापलं कुलूप घेऊन मशीनरूममध्ये दाटीवाटीनं उभे राहिले. मिस्त्रींनी मुख्य स्विच पाडला आणि त्यावर कडी चढवली. तिला सहा-सात कुलपं लागतील अशी भोकं होती. स्वतःचं लाल कुलूप लावून किल्ली खिशात टाकली. मग लिफ्टचं बटण दाबून लिफ्ट खरंच मेली आहे याची खात्री केली.

"आता प्रत्येकानं आपापलं. एक जरी कुलूप असलं तरी स्विच चढत नाही, आणि ज्याचं त्यानंच काढायचं."

कुलपं लागत असताना एका मुलीनं विचारलं, "सर, तुमची बोटं कशी गेली? तिथल्या वॉचमननं काम चालू असताना स्विच चालू केला म्हणून, असं ऐकलंय."

मिस्त्री चाकावरच्या दोरांकडे बघत राहिले. तीनशे खुर्च्यांसमोर, डोक्यावर आदर्श लिहिलेला फलक असताना हे आपल्याला कधीच सांगता आलं नसतं. इथे सांगता येणार होतं.

"त्यानं चालू केला, हे खरं. लोक ओरडत होते लिफ्ट बंद म्हणून. तिथला स्विच तळमजल्यावर, वर कुणी आहे हे त्याला कळणार कसं? स्विचला कुलूपच नव्हतं." त्यांनी खिशातली किल्ली चाचपली. "कुलूप माझ्या पिशवीत होतं. दोन मिनिटांचं काम आहे म्हणून मी ते काढलंच नाही. त्याची नोकरी गेली. चौकशीवाले मला हॉस्पिटलात विचारायला आले होते, तेव्हा मी गप्प बसलो."

प्रश्न विचारणारी मुलगी खाली मान घालून उभी होती. तिच्या हातात तिचं कुलूप तसंच होतं, आज नुसतं बघायचंच तर आहे म्हणून लावलेलं नव्हतं. ती पुढे झाली, कडीच्या रिकाम्या भोकात ते अडकवलं आणि दाबलं. मग शाळेतल्या सवयीनं, सरांकडे जमा करायची म्हणून, किल्ली मिस्त्रींसमोर धरली.

मिस्त्रींनी साडेतीन बोटांच्या हातानं तिची मूठ मिटवली आणि किल्ली तिच्याच खिशाकडे वळवली.