गोदामाला सील आहे, असे मी समजलो

दिल्लीत मयूर विहारमधल्या आमच्या सोसायटीत मला ‘चिठ्ठीवाले अंकल’ म्हणतात. सरकारी खात्यात कायदेविषयक मसुदे तपासण्यात माझी हयात गेली. निवृत्तीनंतर लिफ्टपासून पाण्याच्या दाबापर्यंत प्रत्येक गोष्टीवर मी लेखी तक्रार केली. त्यांपैकी एकच मागे घेतली.

माझ्या पत्नीला कित्येक वर्षांचा, सांधे सुजवणारा संधिवात होता. हिमोग्लोबिन दहाच्या वर जात नव्हते आणि तरीही आमच्या जुन्या डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या बंद केल्या. मी त्यांना संतप्त पत्र पाठवले. त्यांनी मला समोर बसवले.

“वकीलसाहब, दो गोदाम सोचिए. एक खाली है. दूसरा भरा है, पर उस पर सील लगी है.”

पहिल्यात रक्त वाहून किंवा आहार अपुरा पडून लोह संपलेले असते, म्हणून शरीर आतड्याची दारे सताड उघडते आणि मिळेल तेवढे आत घेते. दुसऱ्यात सूज महिनोन्‌महिने टिकल्यामुळे यकृत हेपसिडिन नावाचे द्रव्य जास्त सोडते आणि ते आतड्याची व साठ्याची दोन्ही दारे लावते. माल आत पडून राहतो, रक्त घडवणारी अस्थिमज्जा उपाशी. अशा वेळी गोळ्यांचा फारसा उपयोग नसतो. सूज उतरवावी लागते. साठ्याचा अंदाज रक्तातल्या फेरिटिन या प्रथिनावरून येतो आणि पत्नीचे फेरिटिन तेव्हा भरपूर होते.

हा युक्तिवाद मला इतका पटला की पुण्याच्या मेहुण्यालाही मी तो फोनवर दोनदा समजावला.

पुढच्या हिवाळ्यात हिमोग्लोबिन साडेआठवर आले. जुने डॉक्टर निवृत्त झाले होते. त्यांच्या खुर्चीवर एक तरुण डॉक्टर बसल्या होत्या. त्यांनी मागचे तीन रिपोर्ट ओळीने मांडले. तांबड्या पेशी दर खेपेला लहान होत चालल्या होत्या. त्यांनी पत्नीला विचारले, “आंटी, बर्फ़, मिट्टी, कच्चे चावल, ऐसा कुछ खाने का मन करता है?”

पत्नीने माझ्याकडे पाहिले. मी उत्तर दिले, “बिल्कुल नहीं.”

वस्तुस्थिती अशी होती की भर जानेवारीत ती बाल्कनीतल्या उन्हात स्टीलची वाटी घेऊन बसे आणि बर्फ कडाकडा चावून खाई. “ठेव ती वाटी, सांधे धरतील!” असे मी ओरडलो की हसे. “अहो, थंडी दिल्लीची, दात माझे. तुमचं काय जातंय?” तो पोरकटपणा परक्यांसमोर कशाला काढायचा, एवढाच माझा विचार होता.

डॉक्टर म्हणाल्या की फेरिटिन सत्तर आहे, पण सूज असली की ते आपोआप वाढते. म्हणून आंटींच्या बाबतीत सत्तर म्हणजे साठा आहे असे धरता येत नाही. दोन्ही आजार एकत्र असू शकतात आणि कुठून तरी रक्त झिरपत असावे. दुर्बिणीने मोठे आतडे तपासायला हवे.

मी रिपोर्टवरच्या पंधरा ते दीडशे या मर्यादेवर बोट ठेवले. “मॅडम, लिखा हुआ है. नॉर्मल.”

“अंकल, यह सीमा उनके लिए है जिनके शरीर में सूजन नहीं है.”

लिहिलेल्या मर्यादेला अपवाद सांगणारी व्यक्ती मला नेहमीच संशयास्पद वाटत आली. घरी येऊन मी चार पानी तक्रार लिहिली: अनावश्यक तपासणी, वृद्ध रुग्णाची पिळवणूक.

“पाठवू नका,” पत्नी म्हणाली. “पोरीनं बरोबर विचारलं होतं.”

“तुला काय कळतं त्यातलं?”

तक्रार स्पीड पोस्टने दवाखान्याच्या वरिष्ठांकडे गेली. डॉक्टरांकडून खुलासा मागवण्यात आला, आम्हाला दुसरे डॉक्टर मिळाले आणि तपासणी राहून गेली. हा मी माझा विजय मानला.

मे महिन्यात ती लिफ्टमध्ये कोसळली. मोठ्या आतड्याच्या सुरुवातीलाच गाठ होती. तिच्यातून डोळ्यांना दिसणार नाही इतके रक्त रोज झिरपत होते, आणि गाठ यकृतापर्यंत पसरली होती. पाच महिन्यांपूर्वी कळले असते तर, असे मी सर्जनना विचारले. “कह नहीं सकते,” ते म्हणाले. अशा उत्तरांचा अर्थ मला नोकरीनेच शिकवला आहे.

तिला रक्त दिले आणि लोह थेट शिरेतून. आतड्याच्या दाराशी थांबावे लागू नये म्हणून. बर्फाची ती ओढ लोह संपल्याचीच खूण असते, हे मला तिथे कळले. आठवडाभरात मी स्वतः वाटीत बर्फ घालून तिच्यापुढे ठेवला. तिने पाहिले आणि वाटी बाजूला सारली.

“आता नको वाटतं. खरंच.” मग थोड्या वेळाने, “त्या पोरीला लिहा. मी असेपर्यंत लिहा.”

मी लिहिले. जन्मात प्रथमच एका पानात आटोपले. तक्रार मागे घेत आहे. डॉक्टरांनी विचारलेला प्रश्न योग्य होता. त्याचे उत्तर रुग्णाने दिलेले नसून मी दिले होते आणि ते खोटे होते. पत्नीने चष्मा लावून मसुदा वाचला. ‘खोटे’ हा शब्द मी खोडून ‘अपूर्ण’ केला होता. तिने माझ्याच पेनने ‘अपूर्ण’ खोडले.

दिवाळीपर्यंत ती राहिली नाही. पत्राचा मसुदा माझ्याकडे आहे, तिच्या त्या रेघेसकट.